सातबाऱ्यावर माहेरची मंगल, आधारवर सासरची सुनंदा: एका प्रतिज्ञापत्राचं पूर्ण प्रकरण

नावातल्या फरकाची प्रकरणं तालुक्याच्या कोर्टाबाहेर रोज येतात आणि त्यातली बरीचशी सोपी असतात. एका कागदावर नुसतं रामचंद्र आणि दुसऱ्यावर रामचंद्रराव, कुठं आडनाव आधी कुठं शेवटी, अशी. पण हे प्रकरण तसं नाही. यात नावाचे तिन्ही भाग वेगळे होते, स्वतःचं नाव, मधलं नाव आणि आडनाव, म्हणजे दोन कागद शेजारी ठेवले तर एकही शब्द जुळत नाही. आपल्याकडच्या हजारो बायकांची हीच अवस्था आहे म्हणून सविस्तर लिहितोय. (नावं अर्थातच बदललीत, बाकी मजकूर तसाच.)

वडील विठोबा पवार १९९७ ला वारले. दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलीचं, म्हणजे ज्यांचं हे प्रकरण त्या काकूंचं, लग्न १९८३ सालीच झालेलं, पण वारस नोंद करताना भावांनी वर्दीत तिचं माहेरचंच नाव सांगितलं आणि तलाठ्याने तेच घेतलं. त्यामुळे सातबाऱ्यावर लागलं "मंगल विठोबा पवार". इकडे सासरी लग्नातच नाव बदललेलं, ताटातल्या तांदळात लिहितात तसं, सुनंदा. पुढं रेशनकार्ड, मतदान कार्ड, आधार, पॅन, बँक पासबुक, सगळीकडे "सुनंदा दत्तात्रय शिंदे". पंचवीस-सव्वीस वर्षं कुणाचं काही अडलं नाही कारण जमीन भाऊच कसत होते आणि काकूंनी कधी हिस्सा मागितला नाही.

अडलं ते रस्ता रुंदीकरणात. गटातली काही गुंठे जमीन गेली, निवाड्यात तीन नावं आली, दोन भाऊ आणि मंगल विठोबा पवार. नोटीसपण त्याच नावाने, माहेरच्या पत्त्यावर. भावांचे पैसे खात्यात जमा झाले आणि काकूंचे थांबले, कारण मंगल विठोबा पवार या नावाचं आधार नाही, पॅन नाही, खातं नाही, सरकारी भाषेत बोलायचं तर अशी बाईच नाही.

काकू माझ्याकडे आल्या तेव्हा एक प्रतिज्ञापत्र आधीच झालेलं होतं, त्यांच्या मुलाने बाहेर टायपिंगवाल्याकडून करून घेतलेलं, नोटरी करून दिलेलं, आणि ते प्रांत ऑफिसच्या भूसंपादन शाखेतून परत आलेलं. सोबत एका ओळीचा शेरा, "दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याबाबत पुरावा सादर करावा." मुलगा वैतागलेला. त्याचं म्हणणं, साहेब, अॅफिडेव्हिट हाच तर पुरावा ना, स्टॅम्पवर आहे, नोटरीचा शिक्का आहे, अजून काय पायजे?

तर गाठ इथंच आहे. प्रतिज्ञापत्र म्हणजे तुम्ही स्वतः स्वतःबद्दल शपथेवर सांगितलेली गोष्ट. शिक्क्याने एवढंच सिद्ध होतं की अमुक बाई अमुक तारखेला नोटरीसमोर आली, ओळख पटली आणि तिने हे शपथेवर सांगितलं. ती जे सांगते ते खरं आहे असं नोटरी कुठंही म्हणत नाही. साक्ष्य कायदा जुना घ्या किंवा २०२३ चा नवा भारतीय साक्ष्य अधिनियम घ्या, पहिल्याच कलमात लिहिलंय की तो कोर्टापुढे किंवा अधिकाऱ्यापुढे दाखल केलेल्या प्रतिज्ञापत्रांना लागू नाही. म्हणजे नुसत्या प्रतिज्ञापत्रावर अधिकारी दुसऱ्याच्या नावचे लाखो रुपये देईल ही अपेक्षाच चुकीची. उद्या खरी मंगल पवार दारात उभी राहिली तर उत्तर त्यालाच द्यायचंय. प्रतिज्ञापत्राचं काम वेगळं असतं: तुमच्याकडे जे सुटे सुटे कागद आहेत ते एका ओळीत लावून दाखवायचे आणि मध्ये जिथं कागदच नाही तेवढी जागा शपथेने भरायची. कागद जितके जास्त आणि भरायची जागा जितकी कमी, तितकं प्रतिज्ञापत्र टिकतं.

पहिल्या प्रतिज्ञापत्रात अजून एक घोटाळा होता आणि तो फार कॉमन आहे. काकू वडिलांचं नाव विठ्ठल सांगतात, घरात तेच म्हणायचे, शाळेतही तेच लागलंय. टायपिंगवाल्याने ऐकून टाइप केलं "मंगल विठ्ठल पवार". पण सातबाऱ्यावर विठोबा आहे. म्हणजे दोन नावांचा मेळ घालायला गेलेल्या कागदाने तिसरंच नाव तयार केलं, आणि ज्या नावाने पैसे अडलेत ते त्या कागदात कुठंच नव्हतं! म्हणून मी कायम सांगतो की नाव तोंडी सांगू नका, मूळ कागद समोर ठेवून काना मात्रेसकट उतरवा, बाई असेल तर बाई, राव असेल तर राव, आणि सातबाऱ्यावर चुकीचं पडलं असेल तर ते चुकीचंच उतरवा, कारण आपल्याला त्या चुकलेल्या नावाशीच जोडायचंय.

मग कागद गोळा करायला बसलो. माझी पद्धत अशी की कोऱ्या कागदावर डावीकडे मंगल लिहायचं, उजवीकडे सुनंदा, आणि प्रत्येक कागद कुठल्या बाजूला जातो ते बघायचं. आधार, पॅन, पासबुक, रेशनकार्ड, सगळे उजवीकडे. सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला डावीकडे. एका बाजूचे कितीही कागद जमवले तरी उपयोग नाही, लोक मात्र तेच करतात, आधारबरोबर पॅन, मतदान कार्ड, लाईटबिल असा गठ्ठा लावतात आणि हे सगळे कागद एकच गोष्ट सांगतात की सुनंदा ही सुनंदा आहे, त्याबद्दल शंका कुणाला होती? लागतो तो दोन्ही बाजूंना पाय असलेला कागद.

असा कागद नेहमी विवाह नोंदणीचा दाखला असतो. पण १९८३ चं गावाकडचं लग्न, नोंदणी केलेली नाही, आणि नवरा २०१५ ला वारलेला, त्यामुळे आता दोघांनी मिळून नोंदणी करायचा रस्ता बंद. लग्नपत्रिका मिळाली, मामाच्या पेटीत होती, कडा खाल्लेल्या पण मजकूर शाबूत. त्यात वधू मंगल, वडील विठोबा, वर दत्तात्रय शिंदे आणि त्यांचं गाव. चांगला कागद, पण खाजगी, छापखान्यातून काय पण छापून घेता येतं असं समोरचा म्हणू शकतो.

खरा कागद फेरफारात सापडला. सातबाऱ्यावर नुसतं नाव असतं, पण ते नाव कुठून आलं त्याचा फेरफार क्रमांक असतो, त्या क्रमांकाची नोंद गाव नमुना ६ मध्ये, आणि वारसांची चौकशी ६-क मध्ये. दोन्हीच्या सहीशिक्क्याच्या नकला काढल्या, शिवाय तहसीलच्या अभिलेख कक्षातून फेरफाराबरोबरची वर्दी आणि भावांचा जबाब. त्या जबाबात १९९७ साली मोठ्या भावाने स्वच्छ सांगितलं होतं, "बहीण मंगल, लग्न झालेले आहे, नवऱ्याचे नाव दत्तात्रय शिंदे" आणि पुढे सासरच्या गावाचं नाव. सरकारी दफ्तरातला, पैशाचा विषय कुणाच्या स्वप्नातही नसतानाचा कागद. असा कागद आजच्या कुठल्याही दाखल्यापेक्षा वजनदार, कारण तो या कामासाठी बनवलेला नाही. नावाचा घोळ असलेल्या जमिनीच्या प्रकरणात फेरफाराची मूळ फाइल काढल्याशिवाय मी ड्राफ्टला हात लावत नाही.

आता डावीकडून एवढं नक्की झालं की मंगल ही दत्तात्रय शिंदेंची बायको. उजवीकडून रेशनकार्ड आणि नवऱ्याच्या पश्चात सासरच्या जमिनीवर झालेली वारस नोंद सांगते की सुनंदा ही त्याच गावच्या त्याच दत्तात्रय शिंदेंची बायको. मुलगा म्हणाला, झालं की मग. नाही झालं. हुशार अधिकारी इथं एकच प्रश्न विचारेल: दत्तात्रयची दोन लग्नं झाली नव्हती कशावरून? मंगल पहिली बायको, ती वारली किंवा सोडून गेली, आणि सुनंदा दुसरी, असं असेल तर? ऐकायला वाईट वाटतं, काकूंना तर हा प्रश्न ऐकून रडूच आलं, पण विचारणाऱ्याची चूक नाही, तशी प्रकरणं असतात. आणि पहिलं प्रतिज्ञापत्र नेमकं या प्रश्नाला गप्प होतं.

उत्तर दोन ठिकाणाहून आलं. एक, सासरच्या वारस फेरफारात दत्तात्रयला पत्नी एकच दाखवलीय, सुनंदा, आणि मुलं; गावात नोटीस लागून, हरकत न येता मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलेली नोंद. दोन, दोन्ही भावांची स्वतंत्र प्रतिज्ञापत्रं, की आमची सख्खी बहीण एकच, माहेरचं नाव मंगल, सासरचं सुनंदा, आणि निवाड्यातली मंगल विठोबा पवार ती हीच. भावांच्या शब्दाला इथं किंमत का, तर बहीण नाहीच असं ठरलं असतं तर तिचा हिस्सा त्यांच्याकडे वळायची शक्यता होती. स्वतःच्या तोट्याचं शपथेवर सांगणारा माणूस सहसा खोटं बोलत नाही, हे अधिकाऱ्यालाही कळतं. भाऊ सांगायला तयार नसतील तर मात्र प्रकरण प्रतिज्ञापत्राच्या हातात राहत नाही. हरकत आली की तो वाद झाला, मग पैसे अडकून राहतात आणि निकाल वरच्या प्राधिकरणाकडून आणावा लागतो. काकूंचं नशीब चांगलं, धाकटा भाऊ तर म्हणाला वकीलसाहेब, ताईचे पैसे आमच्या आधी मिळायला पाहिजे होते.

जन्मतारखेचापण फरक होता. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९६४, त्या काळात गुरुजी सरसकट १ जून टाकायचे ते तुम्हाला माहितीच असेल, आणि आधारवर १ जानेवारी १९६६, आधार काढताना अंदाजे सांगितलेली. मुलाचा सल्ला की शाळेचा दाखला जोडूच नका. मी उलट केलं, दाखला जोडला आणि फरक प्रतिज्ञापत्रात स्वतःहून लिहिला. लपवलेला फरक समोरच्याने शोधला की सगळ्या कागदांवर संशय येतो, आणि आपण सांगितलेला फरक नुसता एक फरक राहतो. फक्त कुठली तारीख खरी असा दावा केला नाही, काकूंना स्वतःला माहीत नाही तर शपथेवर कसं सांगणार.

नवीन प्रतिज्ञापत्राचा मुख्य मजकूर साधारण असा होता:

"मी, श्रीमती सुनंदा दत्तात्रय शिंदे, पूर्वाश्रमीची मंगल विठोबा पवार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, माझे जन्मनाव मंगल असून माझ्या वडिलांचे नाव महसुली दप्तरी विठोबा व शाळेच्या दप्तरी विठ्ठल असे नमूद आहे, ती दोन्ही नावे माझ्या वडिलांचीच आहेत. माझा विवाह सन १९८३ मध्ये दत्तात्रय शिंदे यांच्याशी झाला व विवाहसमयी माझे नाव सुनंदा असे ठेवण्यात आले. दत्तात्रय शिंदे यांचा माझ्याशिवाय अन्य कोणाशीही विवाह झालेला नव्हता. माझ्या वडिलांना माझ्याशिवाय दुसरी मुलगी नव्हती. सबब निवाड्यात व सातबारा उताऱ्यावर नमूद मंगल विठोबा पवार आणि आधार कार्डावर नमूद सुनंदा दत्तात्रय शिंदे ही एकाच व्यक्तीची, म्हणजे माझी, नावे आहेत. शाळेचा दाखला व आधार कार्ड यांवरील जन्मतारखांत फरक आहे, तो माझ्या लक्षात आणून दिलेला आहे."

त्याखाली गट नंबर, निवाड्याचा तपशील, प्रत्येक विधानाला कुठला जोडकागद ते कंसात, आणि शेवटी सत्यापन. "दुसरी मुलगी नव्हती" हे वाक्य मुद्दाम आहे, कारण नाहीतर मंगल आणि सुनंदा या दोघी बहिणी असू शकतात की! पहिल्या प्रतिज्ञापत्रात यातलं फक्त एक वाक्य होतं, "सबब" नंतरचं.

सही सुनंदा नावाने, आधारप्रमाणे, कारण शपथ घेताना ओळख त्याच नावाने पटते. दोन्ही नावांनी दोन सह्या करायला सांगतात कुणी कुणी, ते करू नका, चाळीस वर्षांत न केलेली सही आज केली तर ती कशाशीच जुळणार नाही. आणि शेवटच्या परिच्छेदात जुने टायपिंगवाले खोट्या शपथेच्या शिक्षेची कलमं म्हणून अजून भादंवि १९३, १९९ टाकतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिथं ही कलमं २२९ आणि २३६ आहेत. जुनं कलम पडलं म्हणून प्रतिज्ञापत्र रद्द होत नाही, पण जुनाच फॉरमॅट न वाचता छापलाय हे बघणाऱ्याला दिसतं.

स्टॅम्पबद्दल लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात प्रतिज्ञापत्राची स्टॅम्प ड्यूटी शंभरची पाचशे झाली हे खरं, पण सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रावरची ड्यूटी १ जुलै २००४ च्या शासन आदेशाने माफ आहे. म्हणजे प्रांत ऑफिसला द्यायचं प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं. खिडकीवर तरीही स्टॅम्प मागतात, अशा वेळी आदेशाची प्रत सोबत ठेवून शांतपणे दाखवायची. आम्ही तिन्ही प्रतिज्ञापत्रं साध्या कागदावर, तहसीलला कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर केली. नोटरीचं चालत नाही असं नाही, पण महसूलच्या कामात महसूलच्याच अधिकाऱ्यासमोर केलेलं सहसा परत येत नाही असा माझा अनुभव. नोटरीकडे केलं तर रजिस्टर नंबर, तारीख, शिक्का आणि ओळख देणाऱ्याची सही एवढं तिथंच उभ्या उभ्या तपासा, आणि ज्याचं प्रतिज्ञापत्र तो माणूस स्वतः हजर पाहिजे, सही केलेला कागद मुलाच्या हाती पाठवून चालत नाही. स्टॅम्पपेपर लागला तो बंधपत्राला, म्हणजे उद्या दुसरा कुणी हक्कदार निघाला तर रक्कम परत करीन असं लिहून द्यायचं ते. तो वेगळा दस्त आहे, त्याला वरची माफी नाही.

मधल्या काळात काकूंना दोन सल्ले मिळाले, दोन्ही गावातल्या जाणकारांकडून. पहिला, आधारवरच मंगल विठोबा पवार करून घ्या, जुळून जाईल. हा सल्ला ऐकला असता तर काकूंचं संजय गांधी निराधारचं मानधन, पॅन, बँक खातं, सगळं त्याच दिवशी विजोड झालं असतं, आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणजे परत सुनंदा करण्यात दुसरी संधीपण संपली. दुसरा सल्ला, गॅझेट करा. राजपत्रात नाव बदलाची जाहिरात पासपोर्ट, पॅन वगैरेला उपयोगी पडते, वाईट नाही, पण ती जाहिरातसुद्धा तुमच्याच अर्जावरून आणि तुमच्याच कागदांवरून छापली जाते. मंगलचं सुनंदा झालं एवढं ती सांगेल, निवाड्यातली मंगल हीच का, हे सांगणार नाही. आमचा प्रश्न दुसरा होता म्हणून तो खर्च केला नाही.

फाइल दाखल केली त्यात वर एक पानाचा अर्ज, मग काकूंचं प्रतिज्ञापत्र, मग जोडकागद ज्या क्रमाने मजकुरात आलेत त्याच क्रमाने, मग भावांची प्रतिज्ञापत्रं आणि बंधपत्र. तलाठ्यामार्फत स्थळ चौकशी झाली, पोलीस पाटील आणि शेजारच्या गटाच्या शेतकऱ्याचे जबाब घेतले. शेजारचे आजोबा म्हणाले, मंगलीला मी झोळीत असल्यापासून ओळखतो, आणि तलाठ्याने ते वाक्य जवळपास तसंच पंचनाम्यात घेतलं. पुढं शंका निघाली ती फक्त वडिलांच्या विठोबा-विठ्ठल नावाची, तिचं उत्तर आधीच मजकुरात होतं. रक्कम सुनंदा दत्तात्रय शिंदे यांच्या खात्यात जमा झाली.

पण सातबाऱ्यावर उरलेल्या जमिनीला अजून मंगलच आहे, आणि हे बरेच लोक तिथंच सोडून देतात. प्रतिज्ञापत्राने त्या एका कामापुरता मेळ बसला, रेकॉर्ड बदललेलं नाही. फार्मर आयडी काढताना आधार आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नाही म्हणून पुन्हा तेच. म्हणून त्याच कागदांच्या जोरावर तलाठ्याकडे नाव दुरुस्तीचा अर्ज दिला. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली मागितलं नाही, कारण ते लेखनप्रमादासाठी आहे आणि १९९७ ला तलाठ्याने लिहिण्यात चूक केली नव्हती, सांगितलं तेच लिहिलं होतं. साधा फेरफार धरला, नोटीस निघाली, हरकतीचे १५ दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली. आता उताऱ्यावर "मंगल विठोबा पवार उर्फ सुनंदा दत्तात्रय शिंदे" असं आहे. नुसतं सुनंदा मागितलं नाही ते जाणूनबुजून: जुने फेरफार, निवाडा, शाळा सगळं मंगलवर आहे, आणि पुढं काकूंच्या मुलांना वारस नोंद करायची वेळ येईल तेव्हा दोन्ही नावं एका ओळीत असलेला सरकारी कागद त्यांच्या हातात असेल.

मूळ प्रतिज्ञापत्र प्रांत ऑफिसच्या फाइलला गेलं, ते परत मिळत नाही. त्यामुळे आम्ही करतानाच जादा मूळ प्रती करून घेतल्या होत्या, त्यातली एक तलाठ्याच्या फेरफाराला लागली आणि एक काकूंच्या घरी आहे, सोबत १९९७ च्या जबाबाची सहीशिक्क्याची नक्कल.